पाच मोजेपर्यंत धरलेली नळी

मी हीट पाइप बनवते असं सांगितलं की नवीन पनवेलातल्या आमच्या सोसायटीत लोक मला गीझर दुरुस्त करायला बोलावतात. सुरुवातीला मी चिडायचे, मग समजावून सांगायचे, आता सरळ प्लंबरचा नंबर देते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या गल्लीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, बारा-तेरा माणसं आणि वारा फिरला की शेजारच्या केमिकल कंपन्यांचा उग्र वास. तिथे आम्ही पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तांब्याच्या नळ्या बनवतो. यंत्रांच्या पॅनेलमध्ये, मोठ्या दिव्यांमध्ये जे भाग तापतात, त्यांची उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकायचं काम या नळ्या करतात. त्यांना पंप नाही, पंखा नाही, वायर नाही. दोन्ही टोकं कायमची बंद केलेली साधी नळी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भरीव कांबच वाटते.

नव्या माणसाला मी आधी भाताचं पातेलं आठवायला सांगते. खाली आच, पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन झाकणाला लागते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते खाली टपकतं. वाफ होताना पाणी उष्णता घेतं, वाफेचं पाणी होताना तीच उष्णता सोडतं, म्हणून झाकणाला हात लावला की चटका बसतो. आमच्या नळीत हेच चालतं, फक्त कायमचं कोंडून. आत चमचाभरसुद्धा नाही एवढं शुद्ध पाणी असतं. हवा पंपानं आधीच ओढून काढलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी उकळायला शंभर अंशांची वाट बघत बसत नाही, थोड्या उष्णतेनंही त्याची वाफ व्हायला लागते. ती वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या अंगाला तांब्याच्या भुकटीचा जो सच्छिद्र थर असतो, तो दिव्याच्या वातीसारखा ते पाणी शोषून परत गरम टोकाकडे आणतो. पंपाची गरजच पडत नाही.

यात बिघाड होतो तो मुख्यतः हवेमुळे. नळी भरताना थोडी जरी हवा आत राहिली, किंवा टोकाचं सील चुकलं, तर वाफ त्या हवेला ढकलत ढकलत थंड टोकाला नेऊन कोंबते. मग तिथे वाफ पोचतच नाही. एक टोक गरम, दुसरं गार. अशी नळी बाद.

नळी चांगली की बाद हे आमच्याकडे काकी ठरवायच्या.

काकी म्हणजे जवळच्याच गावच्या, पन्नाशीच्या पुढच्या, आगरी. वर्कशॉप सुरू झालं तेव्हा कामाला लागलेल्या पहिल्या बाई. त्यांच्या टेबलावर सत्तर अंशांवर ठेवलेल्या गरम पाण्याचं भांडं असायचं. काकी नळीचं एक टोक त्यात बुडवायच्या आणि दुसरं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरून मोजायला लागायच्या. एक, दोन, तीन. चांगली नळी दोन म्हणेपर्यंत चटका देते आणि बोटं आपोआप सुटतात. पाच मोजेपर्यंत धरवली तर नळी बाद. आमचा नियम एवढाच होता. हातमोजे चालायचे नाहीत, कारण मग कळणार काय? तापमान मोजायचं डिजिटल यंत्र मालकांनी आणलेलं होतं, पण ते कपाटात खोक्यातच पडून होतं. काकी त्याच्यापेक्षा भराभर काम करायच्या आणि त्यांचं चुकल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून ऑडिटला आलेल्या माणसांना मी काकींकडे बोट दाखवून सांगायचे, "हे आमचं मीटर." त्या पदरात तोंड लपवून हसायच्या.

गेल्या वर्षी काकींनी त्यांच्या सुनेला कामाला आणलं. बारावी झालेली, हुशार मुलगी, उरणकडची. मी तिला भरणीच्या एकुलत्या टेबलावर बसवलं. भरणी म्हणजे नळीत मोजून पाणी सोडायचं, पंपानं हवा ओढायची, टोक दाबून वेल्ड करायचं. सगळ्यात नाजूक काम. सहा महिन्यांची उमेदवारी, मग मी शिफारस केली तर कायम. तिच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा सुटली होती. घरात कायम पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ही नोकरी तिला हवीच होती. ती हे मला दर आठवड्याला या ना त्या निमित्तानं ऐकवायची, आणि मी म्हणायचे, "काम चोख ठेव, बाकी मी बघते."

पाचव्या महिन्यात तिच्या नळ्या बाद व्हायला लागल्या.

आधी शंभरात दोन-तीन बाद होणं आम्ही धरूनच चालायचो. त्या दहा झाल्या, मग वीस, आणि मे उजाडेपर्यंत जवळजवळ निम्म्या. काकींच्या डावीकडची बाद मालाची लाल पेटी दुपारपर्यंत भरायला लागली. मी पंप उघडला, तेल बदललं, रबरी सील बदलली. पाणी आधी उकळून त्यातली हवा काढून घेतात की नाही, ते स्वतः उभं राहून पाहिलं. सून घाबरून प्रत्येक नळीवर दुप्पट वेळ घ्यायला लागली. तरी पेटी भरतेच. मालक रोज विचारायचे आणि मी रोज नवं कारण सांगायचे. कारणं संपली तशी माझी जीभ सैल सुटली. एकदा सगळ्यांसमोर मी त्या मुलीला म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं? मोबाईलमध्ये?" तिनं फक्त सासूकडे बघितलं. काकी मान खाली घालून मोजत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायका मात्र भरपूर बोलायच्या. "म्याडम, यात मशीनचं काय नाय. सासूला सून नको हाय कामावं. घरात भाकरी कोन थापनार?" मी त्यांना गप्प केलं, पण ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. खरं सांगते, मला ते सोयीचंही होतं. पंपाचा दोष सापडत नाही यापेक्षा सासूचा दोष सापडला, हे इंजिनिअरला बरं वाटतं.

सहामाही संपायला चार दिवस राहिले. मी शिफारस न करण्याचं पत्र लिहिलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवलं. ते दुपारी येणार होते. पत्र ठेवलं तरी मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून लाल पेटीतल्या दहा नळ्या उचलून घेतल्या आणि माझ्या खोलीत दार लावून बसले.

पहिल्यांदा त्यांचं वजन केलं. सगळ्यांचं बरोबर, म्हणजे आत पाणी मोजून मापून होतं. मग बादलीभर पाण्यात एकेक नळी बुडवून पाण्याखालीच तिचं टोक कापलं. आत हवा असेल तर बुडबुडा वर येतो. नसेल तर नळी बाहेरचं पाणी घटकन आत ओढून घेते. दहाच्या दहा नळ्यांनी पाणी ओढलं. एक बुडबुडा नाही. सुनेची भरणी इतकी चोख होती की मी ती नमुना म्हणून दाखवावी.

म्हणजे नळ्या चांगल्या होत्या, आणि काकी त्यांना बाद म्हणत होत्या.

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा बाहेर गेले. टेबलाशी उभी राहिले आणि आवाज जितका खाली ठेवता येईल तितका ठेवून, म्हणजे सगळ्या शेडला ऐकू जाईल इतका, म्हणाले, "काकी, सुनेशी भांडण असेल तर ते घरी भांडा. माझ्या टेबलावर नाही."

काकींनी हातातली नळी खाली ठेवली. "काय बोलताव, म्याडम?"

"चांगल्या नळ्या तुम्ही पेटीत टाकताय. दहा कापून बघितल्या मी. एकातही हवा नाही. त्या पोरीची नोकरी जातेय, कळतंय का तुम्हाला?"

त्यांचा चेहरा काळवंडला. मला वाटलं, पकडल्या गेल्या. त्या उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "माजी सून हाय म्हनून पास करू का मी? लोकं काय म्हनतील? रोज रातीला जीव तुटतो माजा तिच्यासाठी. पन थंड ती थंडच. खोटं सांगू तुमाला?"

"थंड?"

"मंग तुमीच धरा," त्या म्हणाल्या, आणि नुकतीच बाद केलेली एक नळी पेटीतून काढून माझ्या पुढ्यात धरली.

मी ती हिसकावूनच घेतली. एक टोक गरम पाण्यात घातलं, दुसरं चिमटीत धरलं. एक म्हटलं. दोन म्हणायच्या आत माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि नळी फरशीवर खणकली. बोटं तोंडात घालून मी उभी. बायका हसल्या. माझा विजय झाला होता, आणि मी तो चेहऱ्यावर दाखवायच्या तयारीत होते.

काकी मात्र हसल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत. गोंधळल्या. त्यांनी वाकून ती नळी उचलली, पुसली, टोक पाण्यात बुडवलं आणि दुसरं टोक उजव्या हाताच्या बोटांत धरलं. मोठ्यानं मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चार. पाच. माझ्याकडे बघत होत्या, निरागसपणे, आता तरी पटलं ना अशा नजरेनं. सहा. सात.

"हे बगा," त्या म्हणाल्या. "थंडगार."

शेडमधलं हसणं थांबलं. कुणीतरी पंप बंद केला. मी त्यांच्या हातातली नळी झटक्यात ओढून काढली, आणि त्यांचा तळहात धरून उलटा केला. अंगठा आणि पुढची दोन बोटं. पेरांवर कातडी पांढरी पडून सुटलेली. तर्जनीवर पाण्यानं भरलेला टरारून फोड, त्याच्या शेजारी फुटून वाळलेला जुना, त्याला हळद लावलेली. मी त्या बाईला नुकतंच खोटारडं ठरवलं होतं, आणि तिची बोटं माझ्यासमोर भाजत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

"हे कशानं झालं, काकी?"

"ते? तव्याचं लागलं असंल भाकरी करताना." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "काय झालं, बाय?"

मी भांड्यातलं गरम पाणी लांब सरकवलं आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पेन्सिलीचं टोक त्यांच्या अंगठ्याला टोचलं. "काय लागतंय?" "काय नाय." तर्जनीला टोचलं. "काय नाय." करंगळीला टोचलं तेव्हा म्हणाल्या, "हां, हितं लागतंय." डाव्या हाताच्या बोटांना कळत होतं, पण अंधुक. तेव्हा मला लाल पेटीतलं एक कोडंही सुटलं. बाद नळ्या नेहमी एका ओळीनं यायच्या, वीस बाद, मग वीस पास. उजवा हात थकला की काकी डावा वापरायच्या, आणि मी मूर्ख पंपाची सील बदलत बसले होते.

काकींनी डोळे उघडले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्या आधी पेटीकडे बघत राहिल्या, मग भरणीच्या टेबलाकडे.

"म्हंजे त्या सगल्या चांगल्या व्हत्या?" त्या म्हणाल्या. "पोरीच्या?"

मी मानेनंच हो म्हटलं. स्वतःच्या हाताचं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या मटकन खाली बसल्या.

सून केव्हाची येऊन मागे उभी होती. महिनाभर तिनं बोलणी खाल्ली होती, माझी सगळ्यात जास्त. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला चार शब्द ऐकवेल, आणि ते मी ऐकून घेणार होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सासूच्या हातावरच्या फोडाकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"आई," ती म्हणाली, "बाल्याचं अंघोलीचं पानी कंच्या हातानं बगता?"

तिचा मुलगा आठ महिन्यांचा होता. त्याला तेल लावून रोज दोन वेळा अंघोळ घालायचं काम आजीचं. काकींनी उजवा हात मांडीवरून थोडा उचलला आणि तसाच ठेवला.



मी मालकांच्या टेबलावरचं पत्र उचललं, फाडलं, तुकडे पर्समध्ये कोंबले आणि दोघींना गाडीत बसवलं. वाटेत दवाखान्यात थांबले. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं, तेव्हाही काकींना सुई कळली नाही. साखर भलतीच वाढलेली. शिवाय उजव्या मनगटात नस दाबली गेलेली, ती नेमकी अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांना जाणारी. रात्री हाताला मुंग्या येतात का, असं त्यांनी विचारलं. काकी म्हणाल्या, येतात की, वरीस झालं. डॉक्टर म्हणाले, उपचार केले तर काही जाणीव परत येईल, किती ते सांगता येत नाही. मी काकींच्या फोडांवर पट्टी बांधून घेतली. नस, साखर, गोळ्या हे सगळं सून ऐकत होती की नाही कोण जाणे, ती सारखी घड्याळ बघत होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी कपाटातलं यंत्र काढून आम्ही लाल पेट्यांमधली एकूण एक नळी परत तपासली. खरोखर बाद अशा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या निघाल्या. सून कायम झाली, पत्र मीच लिहिलं. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण ओरडलेही सगळ्यांसमोरच होते. काकींची माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुमी वरडलाव म्हनून तर कललं." आता त्या पॅकिंगला बसतात. पाच मोजायचा नियम मी बंद केला.

पण त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ओटीवर आजोबा नातवाला खेळवत बसले होते. सुनेनं चप्पलसुद्धा न काढता मूल उचललं, त्याचा अंगरखा वर केला आणि पाठ, पोट, मांड्या, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. मीही बघितलं. मांड्यांवर आणि ढुंगणावर लालसर डाग होते, फोड नव्हता. तिला वाटत होतं घामोळं आलंय. मे महिना, कुणालाही तसंच वाटलं असतं.

संध्याकाळच्या अंघोळीची वेळ झाली होती. काकी मागच्या अंगणात गेल्या. चुलीवरचं पाणी त्यांनी बादलीत ओतलं, रोजच्याएवढं, त्यात थंड पाणी घातलं, रोजच्याएवढंच. पट्टी न बांधलेला डावा हात त्यांनी पाण्यात घातला. तो बाहेर काढला आणि तसाच निथळत ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"बग तू," त्या सुनेला म्हणाल्या. "मना तर बरोबर वाटतं."

सुनेनं हात घातला आणि चटकन मागे घेतला. तिनं पिंपातून थंड पाण्याचा एक तांब्या घेऊन बादलीत ओतला. हात घालून पाहिलं. दुसरा ओतला. मग तिसरा. काकी प्रत्येक तांब्याकडे बघत होत्या. चौथा ओतला तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला. पाचव्यानंतर सुनेनं मनगटाच्या आतल्या बाजूनं पाणी पाहिलं, आणि मुलाला पायांवर घेतलं.

पहिला तांब्या अंगावर पडला तसं त्यानं अंग आखडून घेतलं, डोळे गच्च मिटले आणि रडायला तोंड उघडलं. रडू आलं नाही. त्यानं एक डोळा उघडून बघितलं. दुसऱ्या तांब्याला तो हात पाण्यावर आपटायला लागला.

काकी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "रोज रडायचा," त्या मला म्हणाल्या. "घसा फुटंपर्यंत रडायचा. आनि मी त्याला वरडायची, काय नखरे करतोस म्हनून."